साडेपंचवीस की साडेअकरा? एकाच जोडीचे दोन गुण आणि लग्नाची तारीख

पाचपाखाडीकर

माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न ऐरोलीच्या एका मुलाशी ठरत आले आहे. दोघे एकमेकांना दोन वर्षांपासून ओळखतात आणि दोन्ही घरांची संमती आहे. आम्ही मोबाइलवरील अ‍ॅपमध्ये दोघांच्या जन्मवेळा भरल्या तेव्हा ३६ पैकी २५.५ गुण आले, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. मुलाच्या घरच्यांनी मात्र आमच्या आजोबांनी करून घेतलेली बहिणीची हस्तलिखित पत्रिका त्यांच्या गुरुजींना दाखवली. गुरुजींनी ११.५ गुण काढले, एकनाड असल्याचे सांगितले आणि तारीख काढण्यास नकार दिला. मुलाच्या आत्याबाई त्यानंतर फोनवर फारशा बोलतही नाहीत.

यंदा १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ असल्यामुळे उन्हाळ्यातील मुहूर्त कमी होते आणि त्या दिवसांतील नौपाड्यातील हॉल केव्हाच भरले. त्यामुळे आता तुळशीच्या लग्नानंतरची तारीख पाहायची आहे. माझे प्रश्न दोन आहेत. एकाच जोडीच्या गुणांमध्ये १४ गुणांचा फरक कसा पडू शकतो? आणि गुण खरोखर कमी असतील, तर उत्तम मुहूर्त शोधून ती उणीव भरून निघते का? आमच्या ओळखीचे एक गृहस्थ तसे ठामपणे सांगतात.

सत्यशोधक_वाशी

एकनाड हा विषय थट्टेवारी नेण्यासारखा नाही. नाडी म्हणजे आपल्या पूर्वजांनी ओळखलेला रक्तगटच होय. एकनाड असेल तर रक्तगट जुळत नाहीत आणि अपत्याला धोका संभवतो, म्हणूनच नाडीला सर्वाधिक आठ गुण दिले आहेत. डॉक्टरही लग्नाआधी रक्त तपासायला सांगतात, याचा अर्थ दोन्ही शास्त्रे एकच गोष्ट सांगत आहेत. बहिणीचा आणि मुलाचा रक्तगट आधी तपासून घ्या.

कोपरीची_वहिनी

माझ्या पत्रिकेत सातव्या घरात मंगळ आहे. आमच्या वेळी गुण २८ जुळले होते, तरीही मंगळामुळे सासूबाईंनी सहा महिने होकार दिला नाही आणि शेवटी कुंभविवाह करून मगच पुढचे ठरले. तेव्हा तुमच्या बहिणीला मंगळ आहे का, हे आधी पाहा. गुणांचे एवढे काही नसते, खरा घोळ मंगळच घालतो. माझ्या मुलीच्या पत्रिकेत तो बाराव्या घरात आहे, त्याचे काय करावे हेही कोणी सांगितले तर बरे होईल.

जुने_पंचांग

वहिनी, मंगळाचा प्रश्न स्वतंत्र आहे, कारण ३६ गुणांच्या हिशेबात मंगळ कोठेही येत नाही. त्यासाठी वेगळा धागा काढलात तर मी तेथे लिहीन. येथे मूळ प्रश्न गुणांच्या फरकाचा आहे, म्हणून त्यावरच लिहितो.

पाचपाखाडीकर, हस्तलिखित पत्रिकेवर पंचांगाचे नाव लिहिलेले आहे का, ते पाहा. तसेच जन्मनावाचे अक्षर काय दिले आहे आणि अ‍ॅपमध्ये बहिणीचे जन्मनक्षत्र आणि चंद्राचे अंश काय दिसतात, तेही कळवा.

पाचपाखाडीकर

हस्तलिखित पत्रिकेच्या माथ्यावर ‘टिळक पंचांगाप्रमाणे’ असे लाल शाईने लिहिले आहे. नक्षत्र स्वाती, पहिले चरण, आणि जन्मनावाचे अक्षर ‘रू’ दिले आहे. अ‍ॅपमध्ये चित्रा नक्षत्र, चौथे चरण, चंद्र तूळ राशीत ५ अंश २० कलांवर दिसतो. मुलाचे नक्षत्र दोन्हीकडे मघा, सिंह रास असेच आहे. बहिणीच्या जन्मवेळेत दहा-पंधरा मिनिटांचा फरक असू शकतो, कारण जन्मदाखल्यावर वेळ नसते आणि आई आठवणीने सांगते. त्यामुळे तर हे झाले नसेल?

जुने_पंचांग

नाही, जन्मवेळेमुळे हे झालेले नाही, आणि ते पडताळून पाहणे सोपे आहे. चित्रा नक्षत्र तूळ राशीच्या ६ अंश ४० कलांवर संपते आणि तेथून स्वाती सुरू होते. अ‍ॅपच्या गणिताने बहिणीचा चंद्र त्या सीमेच्या १ अंश २० कला अलीकडे आहे. चंद्र दिवसाला साधारण १३ अंश चालतो, म्हणजे एवढे अंतर कापायला त्याला सुमारे अडीच तास लागतात. आईंच्या आठवणीत पंधरा मिनिटांची चूक असली तरी चित्राची स्वाती होणार नाही.

फरक आहे तो अयनांशाचा. राशिचक्राचा आरंभ आकाशात नेमका कोठे मानायचा, यावर आपल्याकडे एकमत नाही. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने चित्रा तारा १८० अंशांवर येईल असा आरंभ धरला आणि १९५७ पासूनचे राष्ट्रीय पंचांग त्यावर चालते. अ‍ॅपमध्ये ‘लाहिरी’ असे लिहिलेले दिसते ते हेच. टिळक पंचांग रेवती ताऱ्यापासून आरंभ धरते आणि त्यामुळे सर्व ग्रहांचे अंश चित्रापक्षापेक्षा सुमारे चार अंशांनी जास्त येतात. बहिणीच्या चंद्राच्या ५ अंश २० कलांत चार अंश मिळवले की ९ अंश २० कला होतात, आणि ते स्वातीचे पहिले चरण आहे. मुलाचा चंद्र मघा नक्षत्राच्या शेवटच्या चार अंशांत नसणार, म्हणून चार अंश सरकूनही तो मघातच राहिला. तुमच्या आजोबांच्या पत्रिकेत किंवा अ‍ॅपमध्ये गणिताची चूक नाही. दोन्ही आपापल्या आरंभबिंदूला धरून बरोबर आहेत.

आता १४ गुण कोठे गेले ते पाहू. बहिणीची रास दोन्हीकडे तूळच राहते, त्यामुळे राशीवरून येणारे गुण बदलत नाहीत. सिंह आणि तूळ एकमेकांपासून तिसऱ्या-अकराव्या आहेत, म्हणून राशीकूटाचे पूर्ण सात गुण दोन्हीकडे मिळतात. वर्णाचा एक गुण मिळतो. वश्याचा काहीच मिळत नाही. राशीस्वामी रवी आणि शुक्र परस्परांचे शत्रू मानले असल्यामुळे ग्रहमैत्रीचे पाचही गुण दोन्हीकडे जातात. नक्षत्रावरून येणाऱ्या गुणांपैकी ताऱ्याचा दीड आणि योनीचे दोन हेही योगायोगाने सारखेच राहतात. बदलतात ते फक्त गण आणि नाडी. चित्रा राक्षसगणी आहे आणि मघाही राक्षसगणी, म्हणून सहापैकी सहा. स्वाती देवगणी आहे, तिचा राक्षसगणी मुलाशी शून्य गुण धरला जातो, काही कोष्टकांत एक धरतात. चित्रेची नाडी मध्य आणि मघेची अंत्य, म्हणून आठपैकी आठ. स्वातीची नाडीही अंत्य, म्हणून एकनाड आणि शून्य. सहा आणि आठ मिळून चौदा. गुरुजींनी गणाचा एक गुण धरला असता तर १२.५ आले असते.

मला यातील अधिक बोलकी गोष्ट वेगळीच वाटते. ज्या २५.५ गुणांवर तुम्ही निश्चिंत होता त्यांतही ग्रहमैत्री शून्य होती, आणि दोघांची मने जुळण्याशी परंपरेने ज्याचा संबंध जोडला आहे ते कूट नेमके हेच आहे. बेरीज चांगली आली म्हणून कोणी त्याकडे पाहिले नाही. बेरीज वाईट आली असती तर याच शून्यावर तासभर चर्चा झाली असती.

अर्धा_ठाणेकर

म्हणजे कोणते पंचांग खरे, हे कसे ठरवायचे? दोन्हीपैकी एक तर चुकीचे असलेच पाहिजे.

जुने_पंचांग

आकाशातील ग्रहांची स्थाने दोन्ही पंचांगे अचूकच देतात. मोजपट्टीचा शून्य कोठे लावायचा, एवढ्यावरच मतभेद आहे, आणि तो प्रश्न निरीक्षणाने सुटत नाही. तुम्ही परंपरेचा मान राखायचा म्हणत असाल तर दोन्ही घरांनी एक पंचांग आधी ठरवून दोन्ही पत्रिका त्यावरच करून घ्याव्यात, एवढेच मी सांगू शकतो. एक पत्रिका टिळकांची आणि दुसरी चित्रापक्षाची घेऊन जुळवणे मात्र कोणत्याच परंपरेत बसत नाही. येथे मुलाचे नक्षत्र बदलले नाही म्हणून निभावले. तो मघेच्या शेवटच्या चरणात असता तर आणखी एक तिसराच आकडा आला असता.

सत्यशोधक यांनी रक्तगटाचा मुद्दा काढला, त्याबद्दल थोडे. नाडी केवळ जन्मवेळच्या चंद्राच्या नक्षत्रावरून ठरते. एकाच दिवशी जन्मलेल्या सर्व मुलांची नाडी साधारण सारखी असते, त्यांचे रक्तगट सारखे नसतात. २७ नक्षत्रांपैकी नऊ-नऊ नक्षत्रे एकेका नाडीत आहेत, म्हणजे पत्रिका न पाहता जमलेल्या दर तीन जोड्यांपैकी साधारण एक एकनाडीची निघणार. तिच्यामुळे अपत्ये दगावत असती तर ते कोणत्याही प्रसूतिगृहाच्या नोंदवहीत केव्हाच दिसले असते.

सत्यशोधक_वाशी

तरीही रक्ततपासणी करू नये असे तुम्ही म्हणत आहात का?

परिचारिका_कळवा

मी प्रसूती विभागात काम करते, म्हणून या एका मुद्द्यावर लिहिते. रक्ततपासणी अवश्य करावी, परंतु तिचे कारण वेगळे आहे. आई आरएच निगेटिव्ह आणि बाळाचे वडील पॉझिटिव्ह असले तर गरोदरपणात आणि प्रसूतीनंतर अँटी-डी हे इंजेक्शन वेळेवर द्यावे लागते. ते दिले की पुढच्या बाळाचा धोका बहुतांशी टळतो, त्यासाठी लग्न मोडावे लागत नाही. याहून महत्त्वाची आहे ती थॅलेसेमियाची तपासणी. पती-पत्नी दोघेही थॅलेसेमिया मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला मेजर होण्याची शक्यता चारात एक असते. मायनर व्यक्तीला स्वतःला सहसा काहीच त्रास नसतो, त्यामुळे तपासल्याशिवाय ते कळत नाही. चित्रा असो वा स्वाती, यातले काहीच पत्रिकेवरून कळत नाही.

निरंकुश

एवढा हिशेब मांडण्यापेक्षा एक गोष्ट लक्षात घ्यावी. जयंत नारळीकर आणि नरेंद्र दाभोलकर यांनी महाराष्ट्रात पत्रिकांची चाचणी घेतली होती. हुशार विद्यार्थ्यांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका ज्योतिषांना ओळखायला दिल्या. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली आणि त्यांपैकी ४६ टक्के बरोबर आली, म्हणजे नाणे उडवूनही तेवढी आली असती. ते संशोधन २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. यावरून गुणमेलन खोटे आहे हे सिद्ध झालेच आहे. हॉल मिळेल त्या रविवारी लग्न करा आणि मोकळे व्हा.

जुने_पंचांग

चाचणीचे आकडे तुम्ही बरोबर दिले आहेत, परंतु त्या चाचणीत बुद्धिमत्ता ओळखायची होती, वैवाहिक जीवन नव्हे. गुणमेलनाविषयी तिच्यावरून थेट निष्कर्ष काढता येत नाही, संशय बळावतो असे म्हणता येईल. माझे स्वतःचे मत विचाराल तर गुणांच्या आकड्यावरून संसाराचे भाकीत करता येते असे मी मानत नाही. तरीही ज्या घरांना ही रीत पाळायची आहे त्यांनी ती नीट पाळावी, एवढाच माझा आग्रह असतो.

आता पाचपाखाडीकरांचा दुसरा प्रश्न घेतो, कारण माझ्या मते अधिक घोटाळा तेथेच होतो. गुण कमी असतील तर मुहूर्ताने ते भरून निघत नाहीत, आणि गुण जास्त असतील म्हणून कोणतीही तारीख चालते असेही नाही. रामदैवज्ञांच्या मुहूर्तचिंतामणीत दोन्ही विषय एकाच विवाहप्रकरणात येतात, त्यामुळे लोकांना ते एकच वाटत असावेत. जुळवणी दोन व्यक्तींची असते आणि ती एकदाच होते. मुहूर्त दिवसाचा असतो आणि त्यासाठी गुणांची बेरीज कोणीही विचारत नाही. तेथे लागतात त्या वधूवरांच्या फक्त राशी आणि नक्षत्रे.

तुमच्याच बाबतीत पाहा. विवाहासाठी साधारणपणे रोहिणी, मृग, मघा, उत्तरा फाल्गुनी, हस्त, स्वाती, अनुराधा, मूळ, उत्तराषाढा, उत्तरा भाद्रपदा आणि रेवती एवढी नक्षत्रे घेतात. त्या दिवशीचा चंद्र वधू किंवा वराच्या राशीपासून आठवा नसावा, आणि शक्य तर चौथा आणि बारावाही नसावा. सिंह राशीच्या मुलाला मीनेतला चंद्र आठवा येतो, म्हणून उत्तरा भाद्रपदा आणि रेवती गेल्या. तूळ राशीच्या मुलीला वृषभेतला चंद्र आठवा, म्हणून रोहिणी आणि मृगाचा पूर्वार्ध गेला. कन्येतला चंद्र तिला बारावा येतो, म्हणून हस्त आणि उत्तरा फाल्गुनीची शेवटची तीन चरणे टाळतात. अनुराधेतला चंद्र मुलाला चौथा आणि उत्तराषाढेच्या मकरेतील भागातला मुलीला चौथा येतो. यावर सर्व गुरुजी सारखेच कडक नसतात, बरेच जण आठवा तेवढा सोडतात आणि चौथा-बारावा दानाने चालवून घेतात. कडक नियम लावला तर मृगाचा उत्तरार्ध, मघा, उत्तरा फाल्गुनीचे पहिले चरण, स्वाती, मूळ आणि उत्तराषाढेचे पहिले चरण एवढे शिल्लक राहते. त्यांतही मघा हे मुलाचे जन्मनक्षत्र आहे, म्हणून काही जण तेही सोडतील.

यात एक गंमत आहे. बहीण चित्रेची असो वा स्वातीची, रास तूळच असल्यामुळे चंद्रबळाची ही यादी बदलत नाही. ज्या गुरुजींनी साडेअकरा गुणांमुळे तारीख काढायला नकार दिला, त्यांना चंद्रबळासाठी लागणारी माहिती दोन्ही पत्रिकांत एकच आहे.

वाशीची_सई

मी लग्नाच्या व्यवस्थेची कामे घेते, म्हणून एक व्यावहारिक गोष्ट सांगते. पंचांगात दिलेला मुहूर्त म्हणजे केवळ दिवस नसतो, वेळही असते, कारण ती लग्नराशीवर ठरते आणि लग्नराशी साधारण दोन तासांत बदलते. हॉलवाले मात्र दिवसाचे सकाळ आणि संध्याकाळ असे दोन भाग विकतात. एखाद्या दिवशी मुहूर्त सकाळी ९ वाजून काही मिनिटांचा असतो आणि आपल्याला हॉल मिळतो तो संध्याकाळचा. मग गोरज घ्यायचा की काढीव मुहूर्त मागायचा, यावर ऐनवेळी वाद होतात. तारीख पक्की करण्यापूर्वी गुरुजींकडून मुहूर्ताची वेळ लेखी घ्यावी आणि ती घेऊनच हॉलमध्ये जावे. ठाण्यात तुळशीच्या लग्नानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे सर्वांत आधी भरतात, कारण डिसेंबरच्या मध्याला धनुर्मास लागला की पुन्हा बऱ्याच घरांत थांबतात.

कोपरीची_वहिनी

पण यंदा सिंहस्थ आहे ना? ३१ ऑक्टोबरला नाशिक-त्र्यंबकेश्वरला ध्वजारोहण आहे असे वाचले. आमच्याकडे सिंहस्थात लग्न करत नाहीत. माझ्या मावसबहिणीचे लग्न मागच्या सिंहस्थात तेवढ्यासाठी पुढे ढकलले होते.

जुने_पंचांग

वहिनी, हा मुद्दा अगदी नेमका काढलात. गुरू सिंहेत गेला की तूळ राशीच्या मुलीला तो अकरावा येतो, म्हणजे गुरुबळाच्या दृष्टीने उत्तम. कर्केत असताना तो तिला दहावा असतो, तेव्हा पूजा करून चालवतात. परंतु सिंहेतला गुरू म्हणजेच सिंहस्थ, आणि तेव्हा विवाह वर्ज्य मानण्याची रूढी आहे. म्हणजे एका नियमाने ज्याचे स्वागत करायचे, दुसऱ्या नियमाने त्यालाच टाळायचे. जुन्या मुहूर्तग्रंथांत हा निषेध गोदावरीच्या उत्तरेपासून गंगेच्या दक्षिण तीरापर्यंतच्या प्रदेशापुरता सांगितला आहे. ठाणे गोदावरीच्या उत्तरेस नाही. शिवाय गुरू सिंह राशीत असूनही सिंह नवांशात असेल तेवढाच काळ वर्ज्य धरावा, असेही एक मत आहे. तो नवांश राशीच्या मध्यावर येतो, आरंभी नव्हे. त्यामुळे नोव्हेंबरच्या अखेरीस मुहूर्त घ्यायला शास्त्राची आडकाठी नाही, असे मला वाटते.

ऐरोलीचे_काका

मला हे पटत नाही. नदीच्या अलीकडे-पलीकडे असे नियम पुस्तकात असतील, पण आमच्या कुटुंबात आणि बहुतेक ओळखीच्या कुटुंबांत सिंहस्थ सरसकट पाळतात. मुलाकडची मंडळी ऐरोलीची आहेत असे लिहिले आहे. त्यांच्या आत्याबाई एकनाडीवर अडून बसल्या असतील, तर सिंहस्थावर त्या गप्प बसतील असे समजू नका. तुळशीच्या लग्नानंतरची तारीख ठरवण्याआधी त्यांना हे स्पष्ट विचारून घ्या, नाहीतर हॉलची आगाऊ रक्कम भरल्यावर नवा प्रश्न उभा राहील.

पाचपाखाडीकर

सर्वांचे आभार. मुलाशी बोललो. दोन्ही पत्रिका एकाच पंचांगावर करून घ्याव्यात, यावर त्याचे वडील तयार झाले आहेत, परंतु कोणत्या पंचांगावर, हे अजून ठरलेले नाही. आमचे वडील म्हणतात की आजोबांनी टिळक पंचांग वापरले तेच घ्यावे, आणि ते घेतले तर गुण साडेअकराच राहतात. बहीण आणि तो मुलगा थॅलेसेमियाची तपासणी येत्या शनिवारी करून घेणार आहेत. सिंहस्थाचा प्रश्न आत्याबाईंना मीच फोन करून विचारणार आहे. जुने_पंचांग काका, एकनाड असली तरी परिहार म्हणून काही सवलत सांगितली आहे का? गुरुजींशी बोलताना ते माहीत असलेले बरे.

जुने_पंचांग

दोघांची रास एक आणि नक्षत्रे वेगळी असली, किंवा नक्षत्र एक आणि चरणे वेगळी असली, तर एकनाडीचा दोष धरत नाहीत. तुमच्याकडे सिंह-मघा आणि तूळ-स्वाती आहे, त्यामुळे हे दोन्ही परिहार लागू होत नाहीत. काही गुरुजी जप आणि दान सांगून एकनाड चालवतात, काही चालवत नाहीत. तुमच्या व्याह्यांचे गुरुजी कोणत्या बाजूचे आहेत, हे त्यांनाच विचारावे लागेल. वडिलांशी बोलताना एवढे मात्र सांगा की आजोबांनी मुलीची पत्रिका केली तेव्हा हातात असलेले पंचांग वापरले. टिळक पंचांगच पाळायचे असेल तर मुहूर्तही त्याच पंचांगातून काढावा लागेल, आणि ते मुलाच्या गुरुजींना मान्य आहे का, हेही विचारा.